मूर्तिकाराला द्यायचे पत्र

सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ मूर्तीचे काम देताना मूर्तिकाराला जे लेखी पत्र देते, त्यात चार गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात: मूर्ती केवढी, कशाची, कधी मिळणार आणि पैसे कसे द्यायचे. मूर्तिकाराने त्यावर ‘मान्य’ लिहून सही केली की ते पत्र दोघांमधला करार होते. पुष्कळ मंडळांत आजही हे काम तोंडी होते. कार्यकर्ते कारखान्यात जातात, मागच्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो दाखवतात, हातावर काही हजार रुपये ठेवतात आणि नारळ देऊन परततात. माणसे जुनी आणि विश्वासाची असतील तर यात काही बिघडत नाही. बिघडते ते बहुधा मूर्ती शाडूची ठरते तेव्हा. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीत गृहीत धरलेल्या कितीतरी गोष्टी मातीच्या मूर्तीला लागू पडत नाहीत, आणि हा फरक दोन्ही बाजूंना भाद्रपद तोंडावर आल्यावर कळतो.

काम ठरवण्याची रीत मात्र जुनी आहे आणि तिच्यात मोठा व्यवहार भरलेला आहे. कोकणात आणि गोव्यात घरचा पाट गणपतीच्या शाळेत नेऊन देतात. पाट दिला की मूर्ती सांगितली असे समजतात. तो पाट म्हणजे श्रद्धेची वस्तू, तसेच मापही. मूर्तीची बैठक त्या पाटाच्या बाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे रुंदी आणि खोली आपोआप ठरते. घरातल्या मखरात तो पाट वर्षानुवर्षे बसत आलेला असतो, म्हणून मूर्तीही बसते. सार्वजनिक मंडळाकडे असा पिढीजात पाट नसतो. मांडव दरवर्षी नवा, रस्त्यावरच्या तारा नव्या, पदाधिकारीही नवे. पाटाने जे आपोआप ठरत असे, ते इथे कागदावर ठरवावे लागते.

पुढची सगळी चर्चा एका नमुन्याच्या कामाला धरून केली आहे. पुण्यातले एक मध्यम आकाराचे मंडळ, पेणचा एक मूर्तिकार, चार फुटांची शाडूची बैठी मूर्ती, साठ हजार रुपये मोबदला आणि २०२६ चा उत्सव. रक्कम उदाहरणापुरती आहे. कारागिरी आणि गाव यांप्रमाणे ती बदलते.

आधी माप. ‘चार फुटी मूर्ती’ या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळी मापे दडलेली असतात. मूर्तिकार बहुधा पाटाच्या वरून मुकुटाच्या टोकापर्यंत मोजतो. मंडळाच्या डोक्यात जमिनीपासूनची उंची असते, म्हणजे खालचा चौरंग किंवा सिंहासन धरून. सजावट करणारा मागची प्रभावळ धरून मोजतो. चार फुटांची मूर्ती, नऊ इंचांचे आसन आणि मुकुटाच्या वर सव्वा फूट गेलेली प्रभावळ मिळून सहा फूट होतात, आणि तिघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. म्हणून पत्रात माप कुठून कुठपर्यंत ते लिहावे, आसन आणि प्रभावळ यांची मापे वेगळी द्यावीत, आणि प्रभावळ सुटी करून नेता येईल अशी हवी असेल तर तसे स्पष्ट म्हणावे. उंचीइतकेच महत्त्व रुंदीला आणि खोलीला आहे. बैठ्या मूर्तीचे गुडघे आणि बाहेर काढलेला आशीर्वादाचा हात यांमुळे ती दारातून अडते. पत्र लिहिण्याआधी एका कार्यकर्त्याने टेप घेऊन कारखान्याचे दार, टेम्पोचा हौदा आणि मांडवाची चौकट ही तिन्ही मापे घ्यावीत. त्यांतले सर्वांत लहान माप हीच मूर्तीची खरी मर्यादा.

मातीच्या मूर्तीत मापाचा आणखी एक पेच असतो. ओली माती सुकताना आक्रसते. शाडूच्या कामात हे आक्रसणे साधारण शेकडा सहा ते आठ धरले, तर सुकल्यावर ४८ इंच भरणारी मूर्ती ओली असताना ५१ ते ५२ इंच असावी लागते. जाणता मूर्तिकार हे हिशेबात धरतोच. पण मे महिन्यात ओली मूर्ती पाहायला गेलेले कार्यकर्ते टेप लावून ‘ही तर मोठी झाली’ म्हणून घाबरतात, किंवा ओल्या मूर्तीची अठ्ठेचाळीस इंच उंची पाहून निर्धास्त होतात आणि पुढे तीन इंच कमी भरल्यावर भांडतात. ‘उंची पूर्ण सुकलेल्या, रंगवलेल्या मूर्तीची; एक इंच कमीजास्त चालेल’ एवढे एक वाक्य हा सगळा वाद मिटवते. ही एका इंचाची सूट द्यायला हवी. माती ही लाकडासारखी कापून नेमकी करता येत नाही.

उंचीला कायद्याचीही बाजू आहे. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची आणि घरच्या मूर्तींना दोन फुटांची मर्यादा घातली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनासाठी सहा फुटांची रेषा आखली: त्याहून उंच प्लॅस्टरच्या मूर्तींना नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मुभा मार्च २०२६ पर्यंत दिली आणि सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित करायला सांगितल्या. असे आदेश दरवर्षी बदलू शकतात आणि बरेचदा मूर्ती अर्धी झाल्यावर येतात. सरकारी आदेशामुळे उंची बदलावी लागली तर तोवर झालेल्या कामाचे पैसे कोणी सोसायचे, याचे उत्तर पत्रात आधीच असावे. झालेल्या टप्प्यापर्यंतचे पैसे मूर्तिकाराकडे राहावेत आणि पुढचा भाव दोघांनी नव्याने ठरवावा, ही तोड न्यायाची वाटते.

आता माती. ‘पर्यावरणपूरक मूर्ती’ हा शब्द पत्रात एकटा कधीच येऊ नये, कारण त्यात काहीही बसवता येते. कागदाच्या लगद्याची मूर्ती, लाल मातीची मूर्ती, वरून शाडूचा हात फिरवलेली प्लॅस्टरची मूर्ती, सगळ्या त्याच नावाने विकल्या जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक, विघटनशील माती आणि बिनविषारी नैसर्गिक रंग यांवर भर दिला आणि प्लॅस्टरला नकार दिला. पुढे जून २०२५ मध्ये न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्ती घडवण्या-विकण्यावरची बंदी उठवली, पण त्यांच्या विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. त्यामुळे आता बाजारात दोन्ही तऱ्हा मिळतात आणि निवडीची जबाबदारी मंडळावर येते. गोव्यात प्लॅस्टरच्या मूर्तींवर फार पूर्वीपासून बंदी आहे आणि मातीची मूर्ती करणाऱ्या कारागिरांना सरकारी अनुदान मिळते; तिथे हा प्रश्न कागदावर तरी सुटलेला आहे.

प्लॅस्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. त्यात पाणी मिसळले की तो पुन्हा घट्ट जिप्सम होतो आणि एक लिटर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमपेक्षा जास्त विरघळत नाही. शाडूचे वेगळे आहे. ती न भाजलेली माती आहे. सुकून कडक झाली तरी पाण्यात गेली की कण सुटे होऊन पुन्हा चिखल होतो. हा फरक तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सांधताना कापून टाकलेला मातीचा तुकडा मूर्तिकाराकडून मागून घ्यावा, उन्हात खडखडीत वाळवावा आणि काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात सोडावा. शाडू असेल तर बुडबुडे येऊ लागतात, काही मिनिटांत कडा ढासळतात आणि हळूहळू पेल्याच्या तळाशी करडा गाळ बसतो. त्यात तरंगतात ते काथ्याचे धागे. प्लॅस्टर असेल तर तुकडा दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. मातीत प्लॅस्टर मिसळले असेल तर गाळ चिमटीत घेतल्यावर न विरघळणारे कडक खडे लागतात. तुकडा ओला असताना हा प्रयोग करू नये, ओली माती पाण्यात इतक्या सहज सुटत नाही आणि चांगल्या मूर्तिकारावर उगाच संशय येतो.

मूर्ती मातीची असली तरी रंग तिला बिघडवू शकतो. ऑइलपेंट आणि वॉर्निश यांचा थर पाणी आत जाऊ देत नाही, मग शाडूही विरघळायला वेळ घेते. पत्रात जलरंग, आणि शक्य तिथे गेरू, पिवडी, हिरमुज, खडू, काजळी असे मातीचे रंग डिंकात कालवून वापरावेत, असे नावानिशी लिहावे. शेंदरी रंगाबाबत विशेष काळजी घ्यावी. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, तो पाण्यात जाता कामा नये. तशी छटा हिरमुज आणि पिवडी यांच्या मिश्रणातून आणता येते. चकाकी मात्र तेवढी येत नाही आणि हे मूर्तिकाराने आधीच सांगितलेले बरे, म्हणजे मिरवणुकीच्या दिवशी कोणाचा चेहरा उतरत नाही. थर्माकोल, प्लॅस्टिकचे मणी, चिकटवलेली चमकी नको असे लिहावे आणि दागिने, शस्त्रे, प्रभावळ सुटी ठेवावीत, म्हणजे विसर्जनाआधी काढता येतात.

शाडूची मर्यादा पत्र लिहिणाऱ्याने ओळखायलाच हवी. चार फुटांची पोकळ मूर्तीदेखील सहज शंभर किलोच्या पुढे जाते आणि ती ठिसूळ असते. सोंडेचा बाक, मनगटे, कान आणि मान ही तडकण्याची ठरलेली ठिकाणे. मूर्ती जसजशी उंच होते तसतसे खालच्या मातीवर वजन वाढत जाते, आणि सात-आठ फुटांच्या पुढे नुसत्या शाडूवर विसंबता येत नाही. आतून बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा करून त्यावर माती चढवावी लागते. कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गेच्या मोठ्या मूर्ती याच पद्धतीने घडतात. महाराष्ट्रात साच्याची सवय मोठी असल्यामुळे असे काम करणारे हात कमी आहेत. मंडळाला शाडूही हवी आणि बारा फूटही हवे असतील, तर तसा हात आधी शोधावा, पत्र मागाहून लिहावे. शाडूच्या मूर्तीचा आग्रह धरायचा तर उंचीचा हट्ट सोडावा लागतो, आणि पुष्कळ जुन्या मंडळांनी तो आनंदाने सोडला आहे.

तारखेचा प्रश्न सुकण्याशी बांधलेला आहे. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती. हा अठरा दिवसांचा फरक ज्येष्ठ महिना अधिक आल्यामुळे पडतो. मंडळे अनेकदा ‘चतुर्थीच्या आठ दिवस आधी’ असे लिहितात. त्याऐवजी तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहाव्यात. अधिक महिन्याचा मूर्तिकाराला फायदाच होतो, त्याला जास्तीचे दिवस मिळतात. पण पाद्यपूजनासारखा विधी करायचा असेल तर अधिक महिन्यात तो टाळण्याची रीत आहे. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे, तेव्हा विधी त्याच्या आधी उरकावा किंवा नंतर करावा. मातीच्या कामाला मात्र अधिक महिन्याची आडकाठी नाही.

चतुर्थीपासून मागे मोजत आले की खरे वेळापत्रक दिसते. मूर्ती ९ सप्टेंबरला, बुधवारी, मांडवात हवी. त्याआधीचे तीन-चार दिवस डोळ्यांच्या आखणीचे. हे काम कारखान्यातला सर्वांत सधलेला हात करतो आणि ज्या कारखान्यात शेकडो मूर्ती रांगेत असतात तिथे तो हात एकच असतो. ऑगस्टचा बराचसा भाग पांढरा हात, अंगाचा रंग, वस्त्रांचा रंग यांत जातो. म्हणजे मूर्ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण सुकलेली हवी. आणि पेणसारख्या ठिकाणी जून-जुलैची हवा म्हणजे ओल्या फडक्याची हवा. तिथे चार फुटांची जाड भिंतीची मूर्ती महिन्याभरात सुकेल असे धरणे चूक आहे. म्हणून साच्यातून काढून सांधलेली कच्ची मूर्ती पाऊस सुरू होण्याआधी, मेच्या अखेरीस, तयार हवी. तेही उन्हात नाही. सावलीत, वाऱ्यावर, सुरुवातीला ओल्या कापडाखाली, म्हणजे वरचा थर आतल्या थराच्या पुढे पळत नाही आणि भेगा पडत नाहीत.

सुकली की नाही हे रंगावरून फसवे वाटते. वरून फिकी करडी दिसणारी मूर्ती आतून ओली असू शकते. अशा मूर्तीवर रंग चढवला तर आतली ओल बाहेर यायला वाट शोधते. मानेखाली आणि बैठकीच्या कडेला रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात, कधी पांढरट डाग उमटतात. हे सगळे बहुधा मूर्ती मांडवात आल्यावर दिसते, कारण तिथे दिव्यांची उष्णता असते. ओळखण्याचे दोन साधे मार्ग आहेत. बोटाच्या पेराने बैठकीवर, पोटावर आणि मानेजवळ ठोकावे: सुकलेल्या जागी आवाज मडक्यासारखा खणखणीत येतो, ओलसर जागी बद्द येतो. आणि हाताचा तळवा टेकवावा: ओल असेल तिथे माती गार लागते. मूर्ती वजनकाट्यावर ठेवता येत असेल तर आठ दिवसांच्या अंतराने दोनदा वजन करावे. वजन घटायचे थांबले की माती सुकली. ही तपासणी पत्रातल्या तारखांपैकी एक तारीख असायला हवी.

ठरल्या तारखेला मूर्ती मिळाली नाही तर? इथे भारतीय करार अधिनियम, १८७२ मंडळाच्या उपयोगी पडतो. त्याच्या कलम ५५ नुसार, वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि काम त्या वेळेत झाले नाही, तर दुसरी बाजू करार रद्द करू शकते. चतुर्थी उलटून गेल्यावर आलेली गणेशमूर्ती निरुपयोगीच, तरीही ‘या कामात वेळ हा कराराचा गाभा आहे’ हे शब्द पत्रात असलेले चांगले. त्याच कलमात पुढे एक गोष्ट आहे, जी मंडळांना ठाऊक नसते. उशिरा आलेली मूर्ती काहीही न बोलता स्वीकारली, तर नंतर उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. स्वीकारताना तसे कळवावे लागते. दोन ओळींचा संदेश किंवा पोचपावतीवरचा शेरा पुरतो. उशिराबद्दल दिवसाला अमुक रुपये कापायचे असे ठरवले असेल, तर कलम ७४ प्रमाणे ती रक्कम ही वरची मर्यादा ठरते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढेच देते. म्हणून दंड फुगवून लिहिण्यात काही अर्थ नाही. साठ हजारांच्या कामाला दिवसाला एक हजार ही रक्कम दोन्ही बाजूंना पटण्याजोगी आहे. आणि वेळेचे बंधन मंडळावरही हवे; पैशाचा टप्पा दहा दिवस उशिरा आला तर मूर्तीची तारीखही तेवढीच पुढे जाईल, हे लिहून द्यावे.

पैशाच्या टप्प्यांवरूनच सर्वांत जास्त कडवटपणा येतो, आणि त्याचे कारण साधे आहे. मूर्तिकाराचा खर्च चैत्र-वैशाखात होतो. शाडू मुख्यतः गुजरातेतून येते आणि पावसाळ्याआधी साठा करावा लागतो. कारागिरांची मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते. मंडळाची वर्गणी मात्र श्रावणात जमू लागते. सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊन वर्गणी गोळा करणारी मंडळे तर त्याआधी पावतीपुस्तक उघडतच नाहीत. म्हणजे मूर्तिकाराला पैसे लागतात तेव्हा मंडळ रिकामे, आणि मंडळाकडे पैसे येतात तेव्हा मूर्तिकाराने सावकाराचे व्याज भरून झालेले. मागच्या वर्षीच्या शिलकेतून किंवा पदाधिकाऱ्यांच्या ठेवीतून पहिले दोन हप्ते बाजूला काढल्याशिवाय शाडूच्या मूर्तीचे पत्र देऊ नये, असे इथे ठामपणे म्हणायला हवे. नुसत्या शब्दावर मूर्तिकाराला माती भिजवायला लावणे हे त्याच्या पोटावर येते.

हप्ते तारखेला बांधण्यापेक्षा डोळ्यांनी दिसणाऱ्या कामाला बांधावेत. पत्रासोबत पंधरा हजार. त्यातून माती येते. कच्ची मूर्ती सांधून झाली आणि कार्यकर्त्यांनी चेहरा, बैठक, हात पाहून पसंत केली की आणखी पंधरा हजार. हा टप्पा मोलाचा आहे, कारण सोंडेचे वळण किंवा हाताची ठेवण बदलायची तर ओल्या मातीतच बदलता येते. सुकल्यावर सुचवलेली दुरुस्ती म्हणजे तोडफोड. मूर्ती पूर्ण सुकल्याची तपासणी झाली की अठरा हजार. उरलेले बारा हजार मूर्ती मांडवात सुखरूप पोचल्यावर. शेवटचा हप्ता शेकडा वीसच्या आसपास असावा. त्याहून मोठा ठेवला तर ऐन हंगामात मूर्तिकाराचे हात बांधले जातात, आणि फारच छोटा ठेवला तर वाहतुकीत निघालेला पापुद्रा दुरुस्त करायला कोणी येत नाही.

या सगळ्यातून तयार झालेले पत्र असे दिसेल:

दि. २२ मार्च २०२६

श्री. मूर्तिकार यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या मंडळाच्या २०२६ च्या उत्सवासाठी श्रीगणेशाची मूर्ती घडवण्याचे काम आपणास देत आहोत. मूर्ती बैठी, डाव्या सोंडेची, चतुर्भुज असावी; सोबत जोडलेल्या व दोघांच्या सह्या असलेल्या चित्राप्रमाणे ठेवण असावी.

पूर्ण सुकलेल्या व रंगवलेल्या मूर्तीची उंची पाटापासून मुकुटाच्या टोकापर्यंत ४ फूट, रुंदी जास्तीत जास्त ३ फूट, खोली जास्तीत जास्त अडीच फूट असावी. उंचीत एक इंच कमीजास्त चालेल. आसन ९ इंच व प्रभावळ वेगळी असावी. प्रभावळ सुटी करता यावी.

मूर्ती केवळ शाडू मातीची व काथ्याची असावी. प्लॅस्टर ऑफ पॅरिस आतून, वरून किंवा मिश्रणात वापरू नये. जलरंग व मातीचे रंग वापरावेत. ऑइलपेंट, वॉर्निश, शेंदूर, थर्माकोल व प्लॅस्टिक वापरू नये. मातीचा तुकडा तपासणीसाठी द्यावा.

कच्ची मूर्ती २४ मेपर्यंत पाहण्यास तयार असावी. सुकल्याची तपासणी २ ऑगस्टला होईल. भाद्रपद शुद्ध चतुर्थी, १४ सप्टेंबर २०२६ आहे. मूर्ती ९ सप्टेंबरला सायंकाळपर्यंत आमच्या मांडवात पोचवावी. या कामात वेळ हा कराराचा गाभा आहे. उशिराच्या प्रत्येक दिवसास एक हजार रुपये वजा होतील. ११ सप्टेंबरपर्यंत मूर्ती न आल्यास मंडळास हे काम रद्द करून दिलेली रक्कम परत मागता येईल.

एकूण मोबदला, वाहतूक व चढउतार धरून, रु. ६०,०००. पत्रासोबत १५,०००; कच्ची मूर्ती पसंत झाल्यावर १५,०००; सुकल्याची तपासणी झाल्यावर १८,०००; मांडवात पोचल्यावर १२,०००. सर्व रकमा मंडळाच्या बँक खात्यातून दिल्या जातील. मंडळाकडून हप्त्यास उशीर झाल्यास मूर्तीची तारीख तेवढेच दिवस पुढे जाईल.

मांडवात पोचेपर्यंत मूर्तीची जबाबदारी आपली, त्यानंतर मंडळाची. सरकारी किंवा न्यायालयीन आदेशामुळे माप बदलावे लागल्यास झालेल्या टप्प्यापर्यंतची रक्कम आपली राहील व पुढील मोबदला दोघांनी ठरवावा.

पत्र मान्य असल्यास दुसऱ्या प्रतीवर सही करून परत करावी. कळावे, लोभ असावा.

अध्यक्ष – खजिनदार

पत्र लहानच ठेवले आहे. कायद्याची जड भाषा त्यात आणली तर मूर्तिकार ते न वाचता सही करतो, आणि न वाचलेला करार भांडणाच्या वेळी दोघांनाही परका वाटतो. सही करण्याआधी कार्यकर्त्याने ते कारखान्यात बसून मोठ्याने वाचून दाखवावे. मूर्तिकार एखाद्या तारखेवर थांबला, ‘चोवीस मेला नाही जमणार, दहा जून धरा’ म्हणाला, तर त्याचे ऐकावे. पण मग सुकायला किती दिवस उरतात हे त्याच्यासोबतच मोजावे. पुढे काही बदल झाला, समजा मंडळाने उभी मूर्ती करायचे ठरवले, तर तो फोनवर न सांगता त्याच पत्राच्या मागे तारखेसह लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

वाहतुकीचे कलम शाडूच्या मूर्तीत निराळे वजन घेऊन येते. पेणहून पुण्याकडे येताना घाट लागतो. टेम्पोच्या हौद्यात पेंढा किंवा वाळूच्या गोण्या पसरून मूर्ती बैठकीत घट्ट बसवावी लागते, दोर थेट मातीवर न बांधता पाटाला बांधावे लागतात, आणि पाऊस लागेल म्हणून ताडपत्री मूर्तीला न चिकटता वर ताणावी लागते. काही मंडळांना आगमन सोहळ्यासाठी मूर्ती दोन-तीन आठवडे आधी हवी असते. प्लॅस्टरला ते चालते. शाडूची मूर्ती ओल्या मांडवात इतके दिवस ठेवली तर हवेतली ओल पुन्हा धरते, म्हणून ती चतुर्थीच्या जवळच आणलेली बरी. आणायचीच असेल तर जमिनीपासून वर, फळ्यांवर ठेवावी आणि जवळ पंखा चालू ठेवावा.

मूर्ती उतरली की शेवटचा हप्ता देण्याआधी कार्यकर्ते आणि मूर्तिकाराचा माणूस यांनी दिवसाच्या उजेडात ती एकत्र पाहावी: माप, भेगा, कानांचे आणि बोटांचे सांधे, डोळ्यांची आखणी. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीचीच मूर्ती असते. तोवर तडकलेली करंगळी शाडूच्या लेपाने सांधता येते, रंगाचा हात फिरवता येतो आणि त्यात काही दोष मानत नाहीत. प्रतिष्ठेनंतर तिला हात लावणे कोणालाच नको असते. म्हणून ‘मूर्ती पाहून, समाधानकारक स्थितीत मिळाली’ ही ओळ, काही उणे असेल तर त्याच्या नोंदीसह, नऊ सप्टेंबरलाच पत्राच्या तळाशी लिहिली जाते आणि तिथेच बारा हजारांची पावती घेतली जाते.